दोन इंधनांच्या बॉयलरची किंमत कशी ठरवावी: लवचिकतेचे मूल्य मोजण्याची पायरीवार रीत

एखाद्या कारखान्याला तीच वस्तू दोन वेगवेगळ्या कच्च्या मालांतून किंवा दोन वेगवेगळ्या इंधनांवर करता येत असेल, तर त्या सोयीसाठी किती जादा पैसे मोजावेत, हा प्रश्न प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या माणसासमोर कधी ना कधी येतोच. माझ्यासमोर तो पहिल्यांदा आला तेव्हा मी नेहमीच्या रीतीने निव्वळ वर्तमान मूल्य काढले, ते उणे आले आणि मी प्रस्ताव नाकारण्याची शिफारस केली. नंतर चूक लक्षात आल्यावर उलट दिशेने गेलो आणि लवचिकतेचे मूल्य इतके फुगवले की तोही आकडा मागे घ्यावा लागला. या दोन्ही चुका कशा झाल्या आणि त्यांच्या मधला रस्ता कोणता, हे या लेखात सांगतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एका कारखान्याला वर्षाला एक लाख गिगाज्यूल इतकी वाफेची उष्णता लागते. केवळ नैसर्गिक वायूवर चालणारा बॉयलर घेता येतो, किंवा वायू आणि फर्नेस ऑइल या दोन्हींवर चालणारा बॉयलर घेता येतो. दुसऱ्याला सुरुवातीला साडेतीन लाख जादा लागतात. टाकी उबदार ठेवणे, चाचणी घेणे आणि तेलाच्या साठ्यात पैसा अडकणे यांचा दरवर्षी तीस हजार खर्च वेगळा. आयुष्य दहा वर्षे धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत आणि ते कोणत्याही चलनात वाचता येतील. महत्त्व त्यांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणाला आहे.

काम सुरू करण्याआधी पुढील कागदपत्रे हाताशी ठेवावीत:

- दोन्ही इंधनांचे किमान पाच वर्षांचे भाव, शक्यतो आठवड्याचे, आणि बाजारात उपलब्ध असल्यास पुढील वर्षांचे वायदा भाव
- वायू पुरवठ्याचा करार, त्यातील किमान उचल आणि दरसूत्र यांच्या कलमांसह
- बॉयलर व बर्नर यांचे उत्पादकाने दिलेले कार्यक्षमता पत्रक, दोन्ही इंधनांसाठी वेगवेगळे
- प्रदूषण नियंत्रणाच्या परवान्याची प्रत
- एका इंधनावरून दुसऱ्यावर जाताना प्रत्यक्ष काय करावे लागते, याची बॉयलर चालवणाऱ्या माणसाने सांगितलेली नोंद

शेवटची नोंद कुठल्याही फाइलमध्ये तयार मिळत नाही. त्यासाठी बॉयलर घरात जाऊन बसावे लागते. ते टाळू नये, कारण पाचव्या पायरीचे सगळे आकडे तिथूनच येतात.

## १. दोन्ही इंधनांचे भाव एकाच मापात आणा

वायू आणि तेल यांचे बाजारभाव जसेच्या तसे शेजारी मांडून काहीच कळत नाही. आपल्याला इंधन नको, वाफ हवी आहे. म्हणून प्रत्येक इंधनाचा प्रति गिगाज्यूल भाव त्या इंधनावरील बॉयलरच्या कार्यक्षमतेने भागायचा, म्हणजे वाफेच्या एका गिगाज्यूलचा खर्च मिळतो.

आपल्या उदाहरणात वायूचा भाव ८.२० आणि वायूवरील कार्यक्षमता ८२ टक्के, म्हणून वाफेचा खर्च १०. तेलाचा भाव ९.३५ आणि तेलावरील कार्यक्षमता ८५ टक्के, म्हणून वाफेचा खर्च ११. वायूवर कार्यक्षमता थोडी कमी दिसते याचे कारण वायूत हायड्रोजनचे प्रमाण जास्त असते. जळल्यावर त्याचे पाणी होते आणि ते वाफेच्या रूपाने धुराड्यातून बरीच उष्णता घेऊन निघून जाते.

इथे पहिला सापळा आहे. इंधनाचा उष्मांक दोन प्रकारे सांगतात. उच्च उष्मांकात त्या पाण्याच्या वाफेतील उष्णता धरलेली असते, तर निम्न उष्मांकात ती वगळलेली असते. वायूच्या बाबतीत या दोहोंत साधारण दहा टक्क्यांचा फरक पडतो, तेलाच्या बाबतीत सुमारे सहा टक्क्यांचा. वायूचे बिल उच्च उष्मांकावर आणि तेलाचा तक्ता निम्न उष्मांकावर असे झाले, तर दोन इंधनांच्या तुलनेत काही टक्क्यांची चूक गुपचूप शिरते. आपल्या उदाहरणात दोन इंधनांतला फरकच दहा टक्क्यांचा आहे, म्हणजे ही चूक किरकोळ नाही. सगळे आकडे एकाच उष्मांकावर आणून मगच पुढे जावे. या लेखातील आकडे उच्च उष्मांकावर आहेत.

## २. आधी साधे निव्वळ वर्तमान मूल्य काढा आणि ते काय पाहत नाही हे लक्षात घ्या

पुढील दहा वर्षे वायूची वाफ सरासरी १० ला आणि तेलाची ११ ला पडेल असा अंदाज आहे, असे धरू. मग अहवालातील तक्त्यात प्रत्येक वर्षी वायूच स्वस्त दिसतो. तेल एकदाही वापरले जात नाही आणि बचतीच्या रकान्यात दहाही वेळा शून्य येते. खर्च मात्र उरतोच. साडेतीन लाख सुरुवातीचे, आणि वर्षाला तीस हजार याप्रमाणे दहा वर्षांचे पाच टक्के दराने वर्तमान मूल्य सुमारे २ लाख ३२ हजार. एकूण उत्तर येते उणे ५ लाख ८२ हजार.

माझ्या पहिल्या अहवालाचा सांगाडा हाच होता आणि त्यात बेरीज-वजाबाकीची एकही चूक नव्हती. चूक होती ती क्रमाची. मी आधी भावांची सरासरी काढली आणि नंतर त्या सरासरी भावांवर कोणते इंधन वापरायचे ते ठरवले. कारखाना उलट वागतो. तो आधी त्या दिवशीचा भाव पाहतो, मग स्वस्त इंधन निवडतो, आणि सरासरी नंतर पडते. दोन भावांपैकी दरवेळी कमी असलेला घेऊन काढलेली सरासरी ही दोन सरासऱ्यांपैकी कमी असलेल्या सरासरीपेक्षा कधीच जास्त नसते आणि बहुधा तिच्याहून कमीच असते. हा जो फरक पडतो, तेच लवचिकतेचे मूल्य. साध्या तक्त्यात त्याला जागाच नसते.

## ३. चार शक्यतांचा छोटा तक्ता हाताने मांडा

सूत्राकडे जाण्याआधी हे कागदावर एकदा करून पाहावे. पुढच्या वर्षी वायूची वाफ १४ ला पडेल किंवा ६ ला, दोन्हींची शक्यता सारखी. सरासरी १०. तेलाची वाफ १४ ला किंवा ८ ला, सरासरी ११. दोन्ही भाव एकमेकांशी संबंध न ठेवता हलतात असे आधी धरू. मग चार शक्यता होतात आणि प्रत्येकीची संभाव्यता पाव.

- वायू १४, तेल १४: काहीही वापरा, बचत शून्य
- वायू १४, तेल ८: तेलावर जा, बचत ६
- वायू ६, तेल १४: वायूवर राहा, बचत शून्य
- वायू ६, तेल ८: वायूवर राहा, बचत शून्य

सरासरी बचत सहाचा चौथा भाग, म्हणजे प्रति गिगाज्यूल १.५०. वर्षाच्या एक लाख गिगाज्यूलवर ती दीड लाख होते. सरासरी भाव तेच आहेत, तेल सरासरीने अजूनही महागच आहे, तरीही तेलावर जाण्याची सोय दीड लाखाची निघाली.

आता फक्त एक गोष्ट बदला. दोन्ही भाव नेहमी एकत्रच चढतात आणि एकत्रच उतरतात असे धरा. मग दोनच शक्यता उरतात: १४ आणि १४, किंवा ६ आणि ८. दोन्ही ठिकाणी बचत शून्य. आणि दोन्ही भाव कायम उलट दिशेने जात असतील, तर १४ विरुद्ध ८ किंवा ६ विरुद्ध १४ अशा शक्यता उरतात आणि सरासरी बचत ३ होते. तीनही वेळा प्रत्येक इंधनाचा स्वतःचा चढउतार तोच होता, पण उत्तर शून्यापासून तीनपर्यंत फिरले. इंधनांचे भाव फार हलतात, म्हणून लवचिकता मोलाची, असे विधान अहवालात पुष्कळदा वाचायला मिळते. ते अपुरे आहे. भाव एकमेकांच्या संदर्भात किती हलतात, हे पाहावे लागते.

## ४. सूत्र वापरा, पण त्यात घालायचा सहसंबंध तपासून घ्या

एक वस्तू देऊन दुसरी घेण्याच्या हक्काचे मूल्य काढण्याचे सूत्र विल्यम मार्ग्रेब यांनी १९७८ मध्ये मांडले. आपला प्रश्न नेमका तोच आहे: वायूचा खर्च टाळून त्याऐवजी तेलाचा खर्च पत्करण्याचा हक्क. वायदा भाव घेऊन ते सूत्र असे लिहितात:

```
σ = √(σ1² + σ2² − 2·ρ·σ1·σ2)
d1 = [ln(F1/F2) + σ²·T/2] / (σ·√T)
d2 = d1 − σ·√T
V = e^(−r·T) · [F1·N(d1) − F2·N(d2)]
```

यात F1 म्हणजे वायूच्या वाफेचा वायदा खर्च आणि F2 म्हणजे तेलाच्या वाफेचा. σ1 आणि σ2 ही दोघांची वार्षिक अस्थिरता, ρ हा त्यांच्यातला सहसंबंध, T म्हणजे वर्षे आणि r म्हणजे बिनजोखमीचा व्याजदर. N म्हणजे प्रसामान्य वितरणाचे संचयी फल, जे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये `NORM.S.DIST(x,TRUE)` असे लिहून मिळते.

वायूची अस्थिरता ४० टक्के, तेलाची ३० टक्के आणि मुदत एक वर्ष धरू. सहसंबंध ०.५ असेल, तर दोन भावांच्या गुणोत्तराची अस्थिरता सुमारे ३६ टक्के होते आणि व्याजाची सूट देण्याआधीचे मूल्य प्रति गिगाज्यूल १.०५ येते. सहसंबंध शून्य असेल तर ते १.६१ होते. सहसंबंध ०.९ असेल तर उरतात फक्त ०.३७. बाकी सगळे जसेच्या तसे.

म्हणून या पायरीवर सर्वाधिक वेळ सहसंबंधावर घालवावा. माझी दुसरी चूक इथेच झाली. मी दोन्ही इंधनांच्या आठवड्याच्या भावबदलांवरून सहसंबंध काढला. तो फार कमी आला, मूल्य भरघोस निघाले आणि मी आनंदाने अहवाल पुढे सरकवला. खात्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तक्ता पाहून एवढेच विचारले, “हाच सहसंबंध वर्षाच्या बदलांवरून काढलात का?” काढला तेव्हा तो कितीतरी जास्त आला.

याचे कारण सरळ आहे. एखाद्या आठवड्यात थंडीची लाट येऊन वायू उसळतो, वाहिनी बंद पडते, तेलाच्या बाजारात कुठली तरी बातमी येते. या हालचाली एकमेकींशी संबंधित नसतात. पण महिने उलटतात तसे ज्यांना शक्य आहे ते सगळेच ग्राहक स्वस्त इंधनाकडे वळतात आणि दोन भाव पुन्हा एकमेकांच्या जवळ ओढले जातात. शिवाय कित्येक दीर्घ मुदतीच्या वायू करारांत वायूचा दर मागील काही महिन्यांच्या तेलभावाच्या सरासरीवरच ठरतो. अशा करारात वायू तेलाच्या मागोमाग चालतो, फक्त काही महिने उशिरा. तिथे लवचिकतेची कमाई त्या उशिराच्या काळातच होते, आणि ते मूल्य या सूत्राने काढणे चूक ठरते.

उलट बाजूही इतिहासात आहे. अमेरिकेत शेल वायूचे उत्पादन वाढल्यावर, साधारण २००९ पासून, वायूचा भाव तेलापासून सुटून बराच खाली राहिला. २०२२ मध्ये युरोपात याच्या उलट घडले आणि उष्णतेच्या मापात वायू तेलाहून कित्येक पटींनी महाग झाला. ज्या कारखान्यांकडे दुहेरी बर्नर होते त्यांना तेलावर जाता आले. म्हणजे सहसंबंध हा निसर्गाने ठरवून दिलेला स्थिरांक नाही. एकच आकडा धरून बसण्यापेक्षा आठवड्याचे, महिन्याचे आणि बारा महिन्यांचे बदल घेऊन तीन वेगवेगळे आकडे काढावेत आणि निर्णय कोणत्या आकड्यापाशी उलटतो ते पाहावे.

हिशोब सोपा करायचा तर दोन अस्थिरता आणि सहसंबंध वेगवेगळे काढण्याचीही गरज नाही. वायूच्या आणि तेलाच्या वाफेच्या खर्चाचे गुणोत्तर घ्या, त्याचा लॉगॅरिदम काढा, महिन्यामहिन्याचे फरक घ्या, त्यांचे प्रमाण विचलन काढून बाराच्या वर्गमुळाने गुणा. सूत्रातील σ थेट हाती येतो. भावांच्या पातळ्यांवरून मात्र सहसंबंध काढू नये. दोन्ही भाव महागाईबरोबर वर्षानुवर्षे चढत असतील, तर त्यांच्यात नसलेला संबंधही भक्कम दिसतो.

मुदतीविषयी एक इशारा द्यायला हवा. सूत्रात T च्या जागी १, २, ३ असे दहापर्यंत आकडे घातले, तर दरवर्षी अनिश्चितता वाढतच जाते आणि दहाव्या वर्षाचे मूल्य अवास्तव मोठे निघते. प्रत्यक्षात दोन इंधनांचे गुणोत्तर भरकटत कायमचे दूर जात नाही, ते बऱ्याचदा परत फिरते. म्हणून मी दूरच्या वर्षांसाठीही पहिल्या वर्षाचाच आकडा धरतो. हा सावध ठोकताळा आहे, सिद्धान्त नव्हे.

## ५. इंधन बदलण्याचा खर्च हिशोबात घ्या

वरच्या सूत्राने असे गृहीत धरले की बटण दाबले की इंधन बदलते. बॉयलर घरात असे होत नाही. जड फर्नेस ऑइल थंड असताना पंपाने ओढले जात नाही. टाकीत ते साधारण ५० ते ६० अंशांवर ठेवावे लागते आणि बर्नरपाशी त्याचे बारीक तुषार व्हावेत म्हणून १०० अंशांच्या वर न्यावे लागते. मी पाहिलेल्या पहिल्या बदलात टाकी गरम होती, पण टाकीपासून बॉयलरपर्यंतच्या नळाचे एक वळण उष्णतारोधक आवरणाशिवाय राहून गेले होते. पंप सुरू केल्यावर ॲमीटरचा काटा चढत गेला, बर्नरपाशी दाब काही येईना. बॉयलर चालवणारे काका नळावर तळहात टेकवत टेकवत पुढे गेले आणि त्या वळणापाशी थांबून म्हणाले, “इथे गोठलंय.” ते सैल करायला पूर्ण पाळी गेली. त्या पाळीचे गेलेले उत्पादन हाही इंधन बदलण्याचा खर्चच.

तेव्हा एका बदलाचा खर्च ठरवताना नोझल साफ करणे, नळ गरम करणे, हवेचे प्रमाण नव्याने जुळवणे, मनुष्यबळ आणि त्या काळातले गेलेले उत्पादन हे सगळे धरावे. आपल्या उदाहरणात तो दर खेपेला ४० हजार धरू.

हा खर्च आला की निर्णय फक्त आजच्या भावावर ठरत नाही. आज कुठल्या इंधनावर आहोत आणि उद्या परतावे लागण्याची शक्यता किती, हेही त्यात येते. शेवटच्या वर्षापासून मागे येत हिशोब करावा लागतो. दोनच वर्षे घेऊन, व्याज बाजूला ठेवून, तो असा होतो.

आज कारखाना वायूवर आहे. पुढच्या वर्षी तेल वायूपेक्षा तीन लाखांनी स्वस्त पडण्याची शक्यता ३० टक्के आणि वायू तीन लाखांनी स्वस्त पडण्याची शक्यता ७० टक्के आहे. आज तेलावर गेल्यास यंदा ५० हजार वाचतात. बदलाचा खर्च ४० हजार. वरवर पाहता जावे असे वाटते.

आधी पुढच्या वर्षाचा विचार करू. त्या वर्षाच्या सुरुवातीला वायूवरच असलो, तर तेल स्वस्त झाल्यास ४० हजार खर्चून जाता येईल आणि २ लाख ६० हजार वाचतील. त्याचे ३० टक्के ७८ हजार. त्याच वेळी तेलावर असलो, तर तेल स्वस्त असल्यास पूर्ण तीन लाख वाचतील, पण वायू स्वस्त झाल्यास ४० हजार खर्चून परत यावे लागेल. तीन लाखांचे ३० टक्के ९० हजार, त्यातून ४० हजारांचे ७० टक्के म्हणजे २८ हजार वजा, राहिले ६२ हजार.

आता आजच्या दिवसाकडे येऊ. वायूवर थांबल्यास हाती ७८ हजार. तेलावर गेल्यास यंदाचे निव्वळ १० हजार आणि पुढचे ६२ हजार मिळून ७२ हजार. म्हणजे आजची बचत बदलाच्या खर्चापेक्षा जास्त असूनही थांबणेच बरे. या परिस्थितीत जाण्याचा उंबरठा ४० हजारांवर नसून ५६ हजारांवर आहे. संभाव्यता उलट केल्या, तेल स्वस्त पडण्याची शक्यता ७० टक्के धरली, तर तोच उंबरठा २४ हजारांवर येतो. मग आजची बचत ३० हजारच असली, बदलाच्या खर्चाहून कमी असली, तरी आजच तेलावर जाणे योग्य ठरते.

खऱ्या प्रकल्पात दोन वर्षांऐवजी १२० महिने आणि प्रत्येक महिन्यात भावगुणोत्तराच्या अनेक पातळ्या असतात. रीत हीच राहते. प्रत्येक महिन्यासाठी दोन रकाने ठेवायचे, वायूवर असतानाचे मूल्य आणि तेलावर असतानाचे मूल्य, आणि शेवटून मागे यायचे. तक्ता बरोबर चालला आहे का, हे ओळखायला दोन खुणा आहेत. बदलाचा खर्च शून्य केला की उत्तर सूत्राने काढलेल्या मूल्यांच्या बेरजेजवळ यायला हवे. आणि तो खर्च खूप मोठा केला की उत्तर साध्या वर्तमान मूल्याच्या हिशोबाजवळ यायला हवे. यांतली एकही खूण चुकली, तर तक्त्यात चूक आहे.

## ६. लवचिकता कागदावर आहे की खरोखर वापरता येते, ते पाहा

सगळ्यात मोठा अडथळा बहुधा वायूच्या करारात असतो. ‘घ्या अथवा पैसे भरा’ अशा अर्थाचे किमान उचलीचे कलम असेल आणि ती किमान उचल वार्षिक गरजेच्या ८० टक्के असेल, तर तेलावर गेल्यावरही त्या वायूचे पैसे द्यावेच लागतात. मग लवचिकता उरलेल्या २० टक्क्यांवरच लागू होते आणि चौथ्या पायरीतला १.०५ हा आकडा एक लाख गिगाज्यूलने नव्हे, वीस हजारांनी गुणावा लागतो. हे कलम आधी वाचले तर पुढचा अर्धा हिशोब करावाच लागत नाही.

टाकीचा आकारही तपासावा. वर्षाला एक लाख गिगाज्यूल वाफेसाठी ८५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे १ लाख १८ हजार गिगाज्यूल तेल लागते. फर्नेस ऑइलचा उच्च उष्मांक टनाला साधारण ४३ गिगाज्यूल धरला, तर रोज सुमारे साडेसात टन. टाकी ७५ टनांची असेल तर साठा दहा दिवसांचा. त्यापुढे टँकर वेळेवर येत राहिले पाहिजेत, आणि वायू सगळ्यांनाच महाग झालेला असतो तेव्हा टँकरही सगळ्यांनाच हवे असतात.

परवान्यात तेलावर वर्षाला किती तास चालण्याची मुभा आहे आणि तेलातील गंधकावर कोणती मर्यादा आहे, हे पाहावे. मर्यादेमुळे कमी गंधकाचे महाग तेल घ्यावे लागणार असेल, तर पहिल्या पायरीतला भावच बदलतो.

याउलट एक फायदा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. काही पुरवठादार खंडित पुरवठ्याचा स्वस्त दर देतात. टंचाईच्या दिवसांत वायू बंद करण्याचा हक्क ते स्वतःकडे ठेवतात आणि त्या बदल्यात दर कमी लावतात. ज्याच्याकडे दुसरे इंधन तयार आहे त्यालाच हा दर परवडतो. मात्र असा दर घेतल्यावर कधी तेलावर जायचे याचा काही निर्णय पुरवठादाराच्या हाती जातो. तेव्हा स्वस्त दराचा फायदा आणि इंधन निवडण्याचे पूर्ण मूल्य, दोन्ही एकाच वेळी धरल्यास एकच रक्कम दोनदा मोजली जाते.

## ७. आता जादा खर्चाशी तुलना करा

किमान उचलीचे बंधन नाही असे धरून आपले उदाहरण पूर्ण करू. सहसंबंध ०.५ असताना वर्षाची बचत १ लाख ५ हजार. सरासरी दोन वर्षांतून एकदा इंधन बदलेल असे धरून बदलाचा खर्च वर्षाला २० हजार आणि देखभालीचे ३० हजार वजा केले, की राहिले ५५ हजार. दहा वर्षांचे पाच टक्के दराने वर्तमान मूल्य सुमारे ४ लाख २५ हजार. साडेतीन लाख जादा किंमत वजा जाता ७५ हजार शिल्लक. साध्या हिशोबाने उणे ५ लाख ८२ हजार आलेला हाच बॉयलर आहे.

पाच टक्के हा दर बिनजोखमीचा आहे आणि तो जाणूनबुजून घेतला आहे. आपण वायदा भाव वापरले, आणि भावाच्या जोखमीसाठी बाजार जी सूट देतो ती त्या भावांत आधीच आलेली असते. त्यावर पुन्हा कंपनीचा नेहमीचा चढा दर लावला तर जोखीम दोनदा कापली जाते. वायदा भाव उपलब्ध नसतील आणि स्वतःच्या अंदाजावर काम करावे लागत असेल, तर ही मुभा राहत नाही.

अहवालात ७५ हजारांचा आकडा एकटा लिहू नये. त्याच्या शेजारी निर्णय कुठे उलटतो ते लिहावे. इथे साडेतीन लाख भरून निघायला वर्षाला निव्वळ सुमारे ४५ हजार हवेत, म्हणजे खर्च मिळवून प्रति गिगाज्यूल सुमारे ०.९५ इतकी बचत हवी. सूत्रात उलटे जाऊन पाहिले, तर सहसंबंध ०.५ आणि ०.६ यांच्या मध्ये कुठेतरी हा आकडा सापडतो. ०.६ ला बचत ०.९१ वर येते आणि प्रकल्प तोट्यात जातो. आठवड्याच्या बदलांवरून काढलेला सहसंबंध ०.३ आणि वर्षाच्या बदलांवरून काढलेला ०.७ असेल, तर हा बॉयलर घ्यावा असे मी आज तरी लिहिणार नाही. बर्नरची जागा, पाया आणि नळाची जोडणी दुहेरी इंधनाला पुरेल अशी ठेवून, तेलाची टाकी आणि बर्नर नंतर बसवण्याचा पर्याय किती खर्चात मिळतो, ते आधी उत्पादकाला विचारेन. तो पर्याय साडेतीन लाखांपेक्षा बराच स्वस्त असतो आणि दोन भावांची फारकत खरोखर झाली तर तेव्हा उरलेला खर्च करता येतो.

बॉयलर घेतलाच, तर पाचव्या पायरीतले उंबरठे छापून बॉयलर घरात लावावेत, दर महिन्याला नव्या भावांवर ते पुन्हा काढावेत, आणि वर्षातून किमान दोनदा प्रत्यक्ष तेलावर जाऊन चाचणी घ्यावी. चाचणीला लागलेले तास नोंदवहीत लिहिले की चाळीस हजारांचा अंदाज खरा होता की नाही, हे पहिल्याच वर्षी कळते.